आयपीओचं सबस्क्रिप्शन दर अर्ध्या तासाने तपासणारी स्क्रिप्ट : पहिला निरोप रोज साडेतीनलाच का येतो?

मुक्ता

नमस्कार मंडळी. घरात चार डिमॅट खाती आहेत: माझं, नवऱ्याचं, सासूबाईंचं आणि दिरांचं. मेनबोर्ड आयपीओ आला की रिटेलमधून प्रत्येकी एक लॉट भरायचा की नाही, हे मीच ठरवते. ऑफिसात असताना दर तासाला एक्सचेंजचं पान उघडणं जमत नाही. म्हणून भाड्याच्या एका छोट्या लिनक्स सर्व्हरवर स्क्रिप्ट बसवली. `issues.csv` मध्ये प्रत्येक इश्यूची एक ओळ असते, त्यात चिन्ह, उघडण्याची तारीख आणि बंद होण्याची तारीख. बिडिंग चालू असलेल्या इश्यूंचा आकडा `fetch.py` आणते आणि मला फोनवर निरोप पाठवते.

```
*/30 10-17 * * 1-5 /home/m/ipo/check.sh
```

```
#!/bin/bash
export TZ=Asia/Kolkata
cd /home/m/ipo
today=$(date +%F)
while IFS=, read -r sym open close; do
  [[ "$today" < "$open" || "$today" > "$close" ]] && continue
  python3 fetch.py "$sym"
done < issues.csv
```

गेल्या वेळी दोन इश्यू एकाच आठवड्यात उघडे होते. पहिल्याचे निरोप आले, पण रोज पहिला निरोप दुपारी साडेतीनलाच यायचा आणि रात्री अकरापर्यंत तोच आकडा पुन्हा पुन्हा येत राहायचा. मला वाटलं, सकाळी साइट आपल्याला अडवत असेल. दुसऱ्या इश्यूचा तर तीन दिवसांत एकही निरोप आला नाही. अजून कुणी भरत नसेल असं समजून मी गप्प बसले, आणि तो बंद झाल्यावर कळलं की रिटेल कितीतरी पटींनी भरलं होतं.

पहिल्याच्या शेवटच्या दिवशी साडेतीनचा आकडा बघून पावणेचारला चारही अर्ज टाकले. तिघांची यूपीआय मँडेट लगेच आली. सासूबाईंची पाच वाजून दहा मिनिटांनी आली. त्यांचा अर्ज बाद झाला.

माझे प्रश्न असे. सकाळी निरोप का येत नाहीत? किती वेळाने तपासावं? आणि एकाच वेळी दोन साइटवर वेगवेगळे आकडे दिसतात, त्यातला कुठला धरायचा?

---

दगडफूल

मुक्ता, एवढा खटाटोप कशाला? अलॉटमेंट लागली की नाही ते रजिस्ट्रारच्या साइटवर पॅन टाकला की दिसतं. तोपर्यंत जीएमपी बघायचा. तो चांगला असेल तर भरायचं, नसेल तर सोडायचं.

---

मुक्ता

दगडफूल, अलॉटमेंट बंद झाल्यानंतरची गोष्ट आहे. मी बिडिंगच्या तीन दिवसांबद्दल विचारतेय. आणि जीएमपी हा अनौपचारिक बाजारातला प्रीमियम आहे, तो कोण ठरवतं ते कुठे नोंदलेलं नसतं. सबस्क्रिप्शनचा आकडा निदान एक्सचेंजवर आलेल्या खऱ्या बिडांचा असतो.

---

कोष्टक

साडेतीन आणि अकरा, या दोन वेळांतच उत्तर आहे. तुमचा सर्व्हर यूटीसीवर चालतोय. क्रॉनमधले १० म्हणजे तिकडचे दहा, आपले साडेतीन. १७ च्या तासातली शेवटची फेरी साडेपाचची, आपली रात्री अकराची. साइट काही अडवत नाहीये. सकाळी तुमची स्क्रिप्ट चालतच नाही, आणि पाचनंतर आकडा गोठल्यावर सहा तास तोच आकडा वाचत राहते.

`export TZ` मुळे तुमची फसगत झाली असणार. ती ओळ स्क्रिप्टच्या आत आहे, त्यामुळे `date` बरोबर तारीख देतो आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. पण स्क्रिप्ट कधी उठवायची हे क्रॉन ठरवतो, आणि त्याला ती ओळ दिसत नाही.

दुसरा इश्यू का गायब झाला त्याचाही अंदाज आहे. हे करून बघा:

```
tail -c1 issues.csv | xxd
```

शेवटचा बाइट `0a` नसेल तर फाइलच्या शेवटच्या ओळीनंतर एंटर नाही. अशी ओळ `read` वाचतो, पण सोबत अपयशाचा निकाल देतो, त्यामुळे `while` तिथेच थांबतो आणि त्या ओळीचं काम होत नाही. कुठेही चूक छापली जात नाही.

---

मुक्ता

कोष्टक, बघितलं. शेवटचा बाइट `30` आला, म्हणजे तारखेतला शून्य. नवा इश्यू मी फोनवरच्या एडिटरमधून शेवटी जोडला होता, तिथेच एंटर राहिलं. `timedatectl` लावून बघितलं, सर्व्हर खरंच यूटीसीवर आहे. इतके दिवस मी साइटला दोष देत होते.

---

कोष्टक

मग लूपची ओळ अशी करा, म्हणजे एंटर असो वा नसो, शेवटची ओळ सुटणार नाही:

```
while IFS=, read -r sym open close || [[ -n "$sym" ]]; do
```

आणि `python3 fetch.py "$sym" </dev/null` असं लिहा. उद्या `fetch.py` मध्ये काही बदललं आणि ती इनपुट वाचायला लागली, तर `issues.csv` च्या उरलेल्या ओळी तीच गिळून टाकेल आणि पुन्हा असाच न दिसणारा घोटाळा होईल.

---

अनुस्वार

वेळेसाठी सोपा उपाय आहे. क्रॉनटॅबच्या वर `CRON_TZ=Asia/Kolkata` लिहा, खालची ओळ आहे तशीच राहू द्या. `1-5` पण बरोबर आहे, शनिवार-रविवारी एक्सचेंज बंदच असतं.

---

कोष्टक

अनुस्वार, `CRON_TZ` सगळीकडे चालत नाही. फेडोरा, रेड हॅट या घराण्यातल्या क्रॉनला ते कळतं. डेबियन आणि उबुंटूचा नेहमीचा क्रॉन ते मानत नाही, तक्रारही करत नाही, आपला सिस्टिमच्या वेळेनेच चालतो. मुक्ता, तुमच्याकडे उबुंटू असेल तर `sudo timedatectl set-timezone Asia/Kolkata` करून क्रॉन पुन्हा सुरू करा. सर्व्हरवर दुसरी कामं यूटीसीवर बेतलेली असतील तर हे करू नका, मग सरळ तासच बदला:

```
*/30 4-11 * * * /home/m/ipo/check.sh
```

ही आपल्या वेळेने सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी पाच.

आणि `1-5` मुद्दाम काढलंय. एलआयसीचा इश्यू ४ ते ९ मे २०२२ ला होता आणि त्याचं बिडिंग शनिवारी ७ ला आणि रविवारी ८ लाही चालू होतं. `1-5` असतं तर दोन अख्खे दिवस रिकामे गेले असते. असा प्रसंग विरळाच, पण तुमच्या स्क्रिप्टमध्ये तारखांची चाळणी आधीच आहे, मग वाराची दुसरी चाळणी हवीच कशाला? उलट मध्ये सुटी आली तर स्क्रिप्ट चालून तोच आकडा आणेल, त्याने काही बिघडत नाही.

बंद होण्याची तारीख मात्र रोज सकाळी ताडून बघावी. प्राइस बँड बदलला तर बिडिंग किमान तीन कामाचे दिवस वाढवावं लागतं, एकूण दहा कामाच्या दिवसांच्या मर्यादेत. तुमच्या फाइलमधली जुनी तारीख उलटली की स्क्रिप्ट गप्प होणार, आणि इश्यू चालूच असणार.

---

निवृत्त शाखाधिकारी

मुक्ताताई, मी बँकेत होतो, आयपीओचे अस्बा अर्ज बरीच वर्षं हाताळले. तांत्रिक भाग कोष्टक सांगतायत ते ठीक. पण तुमची सासूबाईंची मँडेट स्क्रिप्टच्या वेळेमुळे गेली असं तुम्हाला वाटत असेल, तर ते अर्धंच खरं आहे. वेळापत्रकच उलटं लावलं गेलंय.

शेवटच्या दिवशी यूपीआय मँडेट संध्याकाळी ५ च्या आत मंजूर झालीच पाहिजे. ती विनंती ब्रोकरकडून एक्सचेंजला, तिथून स्पॉन्सर बँकेला, मग यूपीआयवरून तुमच्या ॲपवर येते. शेवटच्या दोन तासांत या वाटेवर गर्दी असते. नेटबँकिंगमधून अस्बा भरलात तर ती ४ पर्यंत, शाखेत कागदी फॉर्म दिला तर दुपारी १ पर्यंत. हे नियमातले काटे झाले. ब्रोकर आणि बँका स्वतःची वेळ बऱ्याचदा याच्या आधीची ठेवतात. त्यामुळे साडेतीनचा आकडा बघून अर्ज टाकणं म्हणजे दरवेळी नशिबावर सोडणं.

आता मुख्य गोष्ट. रिटेल अर्ज बंद होईपर्यंत मागे घेता येतो. क्यूआयबी म्हणजे मोठ्या संस्था आणि एनआयआय म्हणजे दोन लाखांवरचे बिगरसंस्थात्मक अर्जदार, यांना मागेही घेता येत नाही आणि कमीही करता येत नाही. म्हणजे घाई त्यांना नसावी, तुम्हाला असावी. दुसऱ्या दिवशी दुपारी शांतपणे चारही अर्ज टाका, मँडेट मंजूर करा. पैसे खात्यातच अडकवलेले राहतात, त्यावर बचत खात्याचं व्याज चालू असतं. मग तिसऱ्या दिवशी तुमचा तपास हा ‘अर्ज ठेवू की काढू’ यासाठी वापरा. काढायचा ठरला आणि वेळेत नाही काढता आला, तर फार तर एक लॉट लागेल. भरायचा ठरला आणि वेळेत नाही भरता आला, तर हातात काहीच नाही.

एकच अडचण: रद्द केल्यावर अडकवलेली रक्कम त्याच क्षणी मोकळी होईल असं धरू नका.

---

मुक्ता

काका, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी आकडा बघून भरायचं एवढंच धरून बसले होते.

---

राघूमैना

मँडेटचा विषय निघालाय म्हणून विचारते. माझ्या आईच्या डिमॅटवरून अर्ज केला, तिचं यूपीआय नाही म्हणून माझा आयडी टाकला. मँडेट आली, मी मंजूर केली, पैसेही अडकले. शेवटी अर्ज बाद. रिटेल जेमतेम दुप्पट भरलं होतं. हे एक्सचेंजच्या आकड्यात आधी दिसलं असतं का?

---

निवृत्त शाखाधिकारी

राघूमैना, नसतं दिसलं. अर्जदाराचं स्वतःचं बँक खातं लागतं. दुसऱ्याच्या खात्यातून पैसे अडकवले तर तो त्रयस्थाचा अर्ज ठरतो आणि छाननीत बाद होतो. आईंच्या नावाने यूपीआय काढा, किंवा त्यांच्या नेटबँकिंगमधून अस्बा भरा.

पण तुमचा प्रश्न या धाग्याला एका अर्थाने लागू आहे. बिडिंग चालू असताना दिसणारा आकडा छाननीच्या आधीचा असतो. तुमचं बिड त्यात मोजलेलं होतं. मुक्ताताईंच्या सासूबाईंचंही दिसलं असणार. नंतर वर्तमानपत्रात बेसिस ऑफ अलॉटमेंटची जाहिरात येते, तिच्यात बाद झालेले आणि पैसे न अडकलेले अर्ज वजा केलेले असतात. रिटेलमध्ये ही वजाबाकी कधी कधी चांगलीच मोठी असते. पडद्यावरचा रिटेलचा आकडा म्हणून नेहमी थोडा फुगीरच समजायचा.

---

हिशेबनीस

आकड्याबद्दल मला बोलायचंय, कारण ‘किती पट’ हा आकडा बघून लोक शक्यता चुकीची काढतात. हिशेबासाठी एक इश्यू धरू. एक कोटी शेअर, भाव २८० रुपये, लॉट ५० चा, म्हणजे एक लॉट १४,००० रुपयांचा. क्यूआयबी ५० लाख, एनआयआय १५ लाख, रिटेल ३५ लाख शेअर.

रिटेलचे ३५ लाख भागिले ५०, म्हणजे ७०,००० लॉट. शेवटी रिटेलमध्ये १ कोटी ७५ लाख शेअरसाठी बिडं आली. पडद्यावर ५ पट दिसणार, आणि बहुतेक जण म्हणणार की पाचात एकाला लागणार. पण रिटेलमध्ये अर्ज लॉटपेक्षा जास्त झाले की सोडत होते, आणि लागणाऱ्या प्रत्येकाला एकच लॉट मिळतो. तेव्हा मोजायचे अर्ज, शेअर नाहीत. समजा अर्ज २ लाख ४५ हजार आहेत. काही जणांनी दोन-तीन, काहींनी तेरा-चौदा लॉट टाकलेले असतात, म्हणून सरासरी अर्ज ७१ शेअरचा झाला. २,४५,००० भागिले ७०,००० म्हणजे साडेतीन. साडेतीनात एकाला. मुक्ता, तुमच्या चार खात्यांतून एखादा तरी लॉट लागण्याची शक्यता पाचाच्या हिशेबाने ५९ टक्के येते, साडेतीनाच्या हिशेबाने ७४. भरायचं की नाही हे ठरवताना हा फरक लहान नाही.

म्हणून `fetch.py` मध्ये शेअरबरोबर अर्जांची संख्या जिथे मिळते तिथून तीही साठवा. नसेल मिळत तर अलीकडच्या काही इश्यूंच्या बेसिस ऑफ अलॉटमेंटच्या जाहिराती काढून रिटेलचा सरासरी अर्ज किती लॉटांचा येतो ते बघा आणि पटीला त्याने भागा. ढोबळ असेल, पण नुसत्या पटीपेक्षा बरं.

---

दगडफूल

मग मी तेरा लॉट टाकले तर शक्यता तेरापट होईल ना?

---

हिशेबनीस

नाही. सोडतीत तेरा लॉटांचा अर्ज आणि एका लॉटाचा अर्ज एकाच चिठ्ठीचे. लागला तरी एकच लॉट. अर्ज लॉटांपेक्षा कमी असतील तेव्हाच जास्त लॉटांचा उपयोग होतो: आधी प्रत्येकाला एक, मग उरलेले प्रमाणात. आणि एका पॅनवर दोन अर्ज केलेत तर सोडतीपर्यंत पोचणारच नाही.

जास्त पैसे घालायचे असतील तर छोटा एनआयआय बघा, दोन ते दहा लाखांचा. २०२२ पासून तिथेही किमान अर्जाच्या आकाराने सोडत होते. माझ्याच उदाहरणात एनआयआयचे १५ लाख, त्यातला एक तृतीयांश म्हणजे ५ लाख शेअर या गटाला. दोन लाखांच्या वर जायला १५ लॉट, ७५० शेअर. म्हणजे जेमतेम ६६६ जणांना मिळणार. पडद्यावर १० पट असेल तर अर्ज सहा हजारांच्या आसपास असतील, कारण इथे जवळजवळ सगळे किमान आकाराचाच अर्ज करतात. नवात एकाला, पण लागला तर पंधरा लॉट. मात्र काका म्हणाले तसं, हा अर्ज मागे घेता येत नाही. म्हणून इथे तिसऱ्या दिवशी सकाळचा आकडा बघून भरण्याला अर्थ आहे. रिटेलला तो नाही.

---

अनुस्वार

मुक्ताच्या तिसऱ्या प्रश्नाकडे कुणी बघितलं नाही. दोन साइटवर वेगळे आकडे येतात ते बहुतेक अँकरमुळे. अँकर गुंतवणूकदार बिडिंग उघडायच्या आदल्या कामाच्या दिवशी घेतात, क्यूआयबीच्या वाट्यातले ६० टक्क्यांपर्यंत. हिशेबनीसांच्या उदाहरणात अँकरने ३० लाख घेतले तर क्यूआयबीला उरले २० लाख. चाळीस लाखांची बिडं आली तर एक्सचेंज म्हणणार २ पट. एखादी साइट पन्नास लाखांनी भागत असेल तर ती ०.८ दाखवेल. दोन्ही एकाच क्षणाचे आकडे.

---

कोष्टक

बरोबर. म्हणून मी पट साठवतच नाही. देऊ केलेले शेअर आणि बिडं आलेले शेअर, दोन्ही मूळ आकडे साठवतो, भागाकार नंतर.

पण मुक्ता, फरक फक्त क्यूआयबीत आणि एकूणमध्ये आहे की रिटेलमध्येही? रिटेलमध्येही असेल तर कारण वेगळं. मेनबोर्डची बिडं एनएसई आणि बीएसई दोन्हीकडे जातात. एकट्या एका एक्सचेंजचा तक्ता वाचला आणि एकत्रित तक्ता वाचला तर देऊ केलेले शेअर तेच, बिडं मात्र कमी दिसतात.

---

मुक्ता

रिटेलमध्येही होता. एका ठिकाणी १.८ आणि दुसऱ्या ठिकाणी १.१, पाच मिनिटांच्या अंतराने.

---

कोष्टक

मग जवळजवळ नक्की एकत्रित विरुद्ध एकट्याचा घोळ. हा घोळ तुमच्या स्वतःच्या नोंदींमध्येही शिरू शकतो, पानाची रचना बदलली की स्क्रिप्ट पहिला सापडेल तो तक्ता उचलते. तो पकडायला काकांचा नियमच वापरा: क्यूआयबी आणि एनआयआय यांना बिड कमी करता येत नाही, म्हणजे त्यांचे शेअर तासागणिक वाढतील किंवा तेवढेच राहतील. मागच्या नोंदीपेक्षा कमी आले तर बाजारात काही घडलेलं नाही, तुमचं वाचन चुकलंय. रिटेल थोडं खाली येऊ शकतं, लोक रद्द करतात.

```
if qib < last_qib or nii < last_nii:
    send("वाचन संशयास्पद: " + sym)
```

दुसरी गोष्ट, पानावर आकडा कधीचा आहे ती वेळ छापलेली असते. तुम्ही नोंदीला स्वतःच्या सर्व्हरची वेळ लावत असाल तर शिळा आकडा ताजा वाटेल. पानावरची वेळ साठवा, आणि ती तासाभरात हलली नाही तर तसा निरोप पाठवा. तुमचा दुसरा इश्यू तीन दिवस गप्प होता आणि तुम्हाला तो ‘कुणी भरत नाही’ असा वाटला. प्रत्येक इश्यूचा रोज सकाळी अकराला एक निरोप यायलाच हवा, आकडा शून्य असला तरी. नाही आला तर काहीतरी मोडलंय एवढं तरी कळेल.

---

सह्याजी

कोष्टक, एनआयआय कधीच खाली येत नाही याच्याशी मी सहमत नाही. शेवटच्या दिवशी पाचनंतर एनआयआयचे शेअर किंचित कमी झालेले मी दोनदा बघितलेत, दोन्ही वेळा एकत्रित तक्त्यावरच. एक टक्क्याच्या आतलीच घट होती.

---

कोष्टक

पाचनंतर असेल तर ब्रोकरांच्या चुकीच्या नोंदी दुरुस्त होताना झालं असेल, पण हा माझा तर्क आहे. तुमच्याकडे त्या नोंदी असतील तर टाका. तोपर्यंत सूचनेची मर्यादा दोन टक्क्यांच्या घटीवर ठेवतो.

---

सह्याजी

नोंदी शोधतो. आणखी एक, मुक्ताताईंसाठी. दुसऱ्या दिवसाच्या आकड्यावरून इश्यू पडणार असं ठरवू नका. ह्युंदाई मोटर इंडियाचा इश्यू १५ ते १७ ऑक्टोबर २०२४ ला होता, २७,८७० कोटींचा. दुसऱ्या दिवसाअखेर एकूण ०.४२ पट होता. शेवटच्या दिवशी क्यूआयबी आले आणि एकूण २.३७ वर बंद झाला, क्यूआयबी जवळपास ७ पट. बिड मागे घेता येत नसल्यामुळे मोठे लोक शेवटच्या तासांपर्यंत थांबतात. मात्र त्याच इश्यूत रिटेल शेवटपर्यंत ०.५० वरच राहिलं. वैध अर्ज केला त्या प्रत्येकाला शेअर मिळाले, आणि २२ तारखेला १,९६० च्या इश्यू भावाखाली, १,९३४ ला, लिस्टिंग झालं. एकूण आकडा बघणाऱ्याला यातलं काहीच दिसलं नसतं.

---

हिशेबनीस

याला जोडून एक. रिटेलची पट दोन इश्यूंमध्ये सरळ तोलू नका. नफ्याच्या अटीत न बसणाऱ्या कंपन्यांच्या इश्यूत रिटेलला जास्तीत जास्त १० टक्के वाटा असतो, इतरांत किमान ३५. तेवढेच लोक आले तरी १० टक्क्यांच्या इश्यूत आकडा साडेतीनपट दिसतो. पहिल्याच दिवशी दुपारी ‘रिटेल पूर्ण भरला’ अशी बातमी येते ती बऱ्याचदा अशाच इश्यूंची. `issues.csv` मध्ये रिटेल लॉटांची संख्या हा चौथा रकाना ठेवा, आणि `read` च्या ओळीत `close` नंतर `lots` जोडा.

---

राघूमैना

एसएमईला पण हेच सगळं लागू का?

---

हिशेबनीस

एसएमई एकाच एक्सचेंजवर असतो, त्यामुळे एकत्रितचा घोळ नाही. पण किमान अर्जच आता दोन लॉट आणि दोन लाखांच्या वर आहे, त्यामुळे वरचं रिटेलचं गणित तिथे जसंच्या तसं बसत नाही. त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे लिहीन.

---

मुक्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. आज बसून बदललं ते लिहिते.

क्रॉन `*/30 4-11 * * *` केलं. सर्व्हरवर रात्रीचा बॅकअप यूटीसीवर बेतलेला आहे, म्हणून सिस्टिमची वेळ नाही बदलली. लूप आणि `</dev/null` दुरुस्त केले. नोंदीत आता देऊ केलेले शेअर, बिडांचे शेअर, पानावरची वेळ आणि मिळाले तर अर्ज जातात. फोनवर मात्र दर अर्ध्या तासाला निरोप नको आहे. पहिल्या दिवशी फक्त अकरा आणि पाच. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला ‘चारही अर्ज टाक’ अशी आठवण आणि सोबत रिटेलचे अर्ज प्रति लॉट. तिसऱ्या दिवशी साडेअकरा आणि साडेबाराला ठेवू की काढू यासाठी, आणि पाचचा फक्त नोंदीसाठी. मँडेट मंजूर झाली की नाही हे स्क्रिप्टला कळायचा मार्ग सापडला नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सासूबाईंच्या फोनवर मी स्वतः बघणार.

जुन्या इश्यूच्या नोंदींवर कोष्टकांची तपासणी चालवून बघितली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला एनआयआय ०.४ टक्क्याने खाली आलेला सापडला. सह्याजी, हे तुमच्यासारखंच दिसतंय. पण माझी स्क्रिप्ट तेव्हा कुठला तक्ता वाचत होती याची खात्री देता येत नाही, कारण मूळ पान साठवलं नव्हतं. आता तेही साठवते. पुढच्या इश्यूचं तिसऱ्या दिवसाचं पाच ते आठचं पान दर दहा मिनिटांनी उतरवून ठेवीन आणि इथे टाकीन.

---

सह्याजी

दहा मिनिटांनी फक्त त्या तीन तासांपुरतंच ठेवा. एरवी एक्सचेंजच्या पानाला इतक्या वेळा हात लावू नका, वारंवार विनंत्या आल्या की पत्ता अडवला जातो, आणि तो नेमका शेवटच्या दिवशी अडला तर अवघड होईल. मी पण त्याच वेळी उतरवतो, दोन्हीकडचं ताडून बघू.